तारेचा कोपरा

सांगलीत इंजिनिअरिंग करताना एम-थ्रीच्या पेपरात मी त्रिकोणी लाटेची फूरिये मालिका चुकवली होती. इंटिग्रेशन बाय पार्ट्सची शेवटची पायरी गाळली, छेदात n² च्या जागी नुसता n आला, आणि मी उत्तराखाली दोन रेघा मारून पुढच्या प्रश्नाकडे वळलो. पेपर दाखवताना सरांनी एवढंच विचारलं, "x शून्य ठेवून पाहिलंस का रे?"

ठेवून पाहिलं. माझ्या मालिकेत १ + १/३ + १/५ + १/७ अशी बेरीज उरली, आणि ही बेरीज कुठेच थांबत नाही, वाढतच जाते. त्रिकोणाचं टोक मात्र १ वर होतं. म्हणजे मी काढलेल्या लाटेचं टोक आभाळात गेलं होतं. पाच मार्क गेले, पण प्रश्न डोक्यात राहिला: चौकोनी लाटेला छेदात n चालतो, मग त्रिकोणी लाटेला का चालत नाही?

दोन्ही मालिका शेजारी ठेवू.

```
चौकोनी:   4/π  (cos x − cos 3x/3 + cos 5x/5 − …)
त्रिकोणी: 8/π² (cos x + cos 3x/9 + cos 5x/25 + …)
```

दोन्हींत विषम पदंच आहेत, फरक फक्त ती किती लवकर लहान होतात याचा. नवव्या पदाचा सहगुणक पहिल्याच्या तुलनेत चौकोनीत १/९ आहे, त्रिकोणीत १/८१. पहिल्या पदाच्या हजाराव्या भागाखाली जायला त्रिकोणी लाटेला १६ पदं पुरतात. चौकोनीला ५०० लागतात. कानालाही ते कळतं. मूळ सूर तोच असला तरी चौकोनी लाट जुन्या व्हिडिओ गेमसारखी चिरकते आणि त्रिकोणी बासरीकडे झुकते.

कारण लाटेच्या आकारात आहे. सहगुणक काढताना आपण लाटेला cos nx ने गुणतो आणि क्षेत्रफळ मोजतो. n मोठा झाला की cos चे उंचवटे आणि खळगे अगदी बारीक होतात. लाट जिथे गुळगुळीत आहे तिथे शेजारचा उंचवटा आणि खळगा एकमेकांना जवळजवळ पुसून टाकतात. चौकोनी लाट मात्र एका जागी +१ वरून −१ वर उडी मारते. तिथे पुसापुशी फसते आणि साधारण एका उंचवट्याएवढा ऐवज शिल्लक राहतो. उंचवट्याची रुंदी १/n च्या प्रमाणात, म्हणून सहगुणकही तसाच.

त्रिकोणी लाटेत उडी नाही, फक्त कोपरा आहे. कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंना किंमत तीच, उतार तेवढा बदलतो. त्यामुळे एका उंचवट्याच्या अंतरात किंमत १/n एवढीच चुकते आणि रुंदीही १/n. गुणाकार १/n². कोपराही घासून टाकला आणि फक्त वक्रता बदलणारी लाट घेतली, तर १/n³. आकडे किती वेगाने खाली येतात यावरून लाटेतला सगळ्यात खडबडीत बिंदू कसा आहे हे ओळखता येतं. तो कुठे आहे, हे मात्र या वेगावरून कळत नाही.

या कोपऱ्यावरून अठराव्या शतकात मोठं भांडण झालं. द'अलाँबेरने १७४७ साली कंप पावणाऱ्या तारेचं समीकरण मांडलं, पण तारेचा सुरुवातीचा आकार गुळगुळीतच हवा असा त्याचा हट्ट होता. ऑयलरचं म्हणणं, बोटाने ओढलेल्या तारेला कोपरा येतोच, तो कसा नाकारणार? १७५३ साली डॅनियल बर्नुलीने सांगितलं की तारेचा कोणताही आकार साइन लाटांच्या बेरजेत बसतो. हे ऑयलरलाही पटलं नाही. १८०७ साली फूरियेने उष्णतेवरचा निबंध पॅरिसला सादर केला तेव्हा लग्रांजने आक्षेप घेतले, आणि त्याचं पुस्तक यायला १८२२ उजाडलं. त्या पुस्तकात वरची चौकोनी मालिका आहे. (तिच्यात x शून्य ठेवलं की १ − १/३ + १/५ − … = π/४ मिळतं. हे केरळच्या माधवाच्या परंपरेत कितीतरी आधी माहीत होतं.) कोपरा गुळगुळीत तुकड्यांतून येतो, फक्त पदं सावकाश लहान होतात.

आता मिरजेला येऊ. सांगलीपासून दहाएक किलोमीटर. तिथल्या सतारी-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तंबोऱ्याची तार साधारण मध्यावर छेडतात. बोटाने ओढून सोडण्याआधीच्या क्षणी ती अगदी त्रिकोण असते, म्हणून आकाराचे सहगुणक १/n² ने उतरतात. पण आपण तारेचा आकार ऐकत नाही. तार घोडीला ढकलते, घोडी तबलीला, आणि तबली हवेला. घोडीवरचा जोर तारेच्या टोकाच्या उतारावर अवलंबून असतो. सुटलेल्या तारेतला कोपरा दोन भागांत फुटून दोन्ही टोकांकडे धावतो. तो घोडीपाशी पोचेपर्यंत उतार तसाच राहतो, पोचला की एकदम उलटतो. म्हणजे घोडीवरचा जोर चौकोनी लाट असतो. उतार काढणं म्हणजे प्रत्येक पदाला n ने गुणणं, त्यामुळे १/n² चं १/n होतं. पेपरात मी वेगळ्या मानलेल्या दोन लाटा एकाच तारेत असतात.

मित्राच्या घरचा तंबोरा छेडून मी फोनच्या स्पेक्ट्रम ॲपवर पाहिला, तेव्हा हिशेब जुळला नाही. वेगवेगळे खांब उंच-बुटके होतेच, ते भोपळ्याचे आणि मायक्रोफोनचे, म्हणून एका खांबाकडे न बघता एकूण उतार बघायचा. दुसरं, बोटाचं मांस साधारण १ सेंमी रुंद असतं, कोपरा तेवढा गोल होतो. तार ९० सेंमी धरली तर नव्वदाव्या पदाच्या आसपास उंचवटेही १ सेंमीचेच होतात, आणि त्यापुढे पदं १/n पेक्षा झपाट्याने पडायला हवीत. सतारीच्या नखीने कोपरा टोकदार राहतो, म्हणून तिचा आवाज अधिक तेज.

पण खरी गोची समसंख्येच्या पदांची होती. मध्यावर छेडलेल्या तारेत दुसरं, चौथं, सहावं पद असायलाच नको, आणि स्क्रीनवर ती ठसठशीत दिसत होती. हाच विरोधाभास सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली कलकत्त्यात मांडला होता. यंग आणि हेल्महोल्ट्झ यांचा नियम सांगतो की जिथे छेडलं तिथे ज्या पदाचा निस्पंद पडतो ते पद ऐकू येत नाही. वीणा आणि तंबोरा हा नियम पाळत नाहीत, असं रामन यांनी दाखवलं.

वरच्या हिशेबात तारेचं टोक एका बिंदूवर पक्कं धरलेलं आहे. तंबोऱ्याची घोडी मात्र रुंद आणि किंचित वक्र असते, आणि तार प्रत्येक हेलकाव्यात तिच्यावर टेकते-उठते. असं दर वेळी नवे कोपरे तयार होतात आणि नवी पदं जन्मतात. त्या टेकण्याची जागा नेमकी करायला तारेखाली दोरा सरकवतात. मित्राच्या आईने तो नखाने केसभर पुढे ढकलला आणि परत छेडलं. जवारी खुलली, आणि स्क्रीनवर उजवीकडचे इतका वेळ झोपलेले खांब एकदम उभे राहिले.