मराठी गद्यातील वाक्यसीमा : दंड, पूर्णविराम व संक्षेपचिन्ह यांचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

‘सावर्डे, ता. चिपळूण, जि. रत्नागिरी’ हा पत्ता कोकणातील कोणत्याही वाचकास एका दृष्टिक्षेपात कळतो. त्यात दोन टिंबे आहेत, परंतु वाक्य एकही संपत नाही. हाच मजकूर टिंबागणिक तोडण्याची सूचना संगणकास दिली, तर त्याचे ‘सावर्डे, ता.’, ‘चिपळूण, जि.’ आणि ‘रत्नागिरी’ असे तीन निरर्थक तुकडे पडतात. जुनी पत्रे, वृत्तपत्रे आणि दप्तरे संगणकावर आणताना परिच्छेदाची वाक्यांत विभागणी करावी लागते. शब्दसूची, शोध, भाषांतर ही पुढील सर्व कामे या विभागणीवर अवलंबून असतात. ही अडचण वरकरणी तांत्रिक वाटते, परंतु तिचे मूळ मराठी लेखनाच्या इतिहासात आहे. मराठीत दंड आणि टिंब या दोन्ही चिन्हांनी वेगवेगळ्या काळी एकापेक्षा अधिक कामे केली आहेत. त्या कामांचा इतिहास ध्यानी घेतल्यास विभाजनाचे नियम कसे निश्चित करता येतात, याचे विवेचन प्रस्तुत निबंधात केले आहे.

मुद्रणपूर्व काळातील दंड

पोथ्यांमध्ये दंड हे मुख्यतः पद्याचे चिन्ह होते. ओवीच्या किंवा श्लोकाच्या अखेरीस दुहेरी दंड, त्यापुढे क्रमांक आणि पुन्हा दुहेरी दंड अशी ‘॥ १२ ॥’ सारखी मांडणी रूढ होती. येथे दंड छंदाचा शेवट दाखवितो, वाक्याचा नव्हे. एकच वाक्य दोन ओव्यांत पसरलेले असू शकते.

गद्याचा व्यवहार मुख्यतः मोडी लिपीत चाले. मोडी लिहिणारा आधी शिरोरेषा ओढून घेई आणि तिच्याखाली अक्षरे लिहीत जाई. शब्दांत अंतर नसे आणि वाक्यसमाप्तीचे चिन्हही नसे. वाक्य कोठे संपले हे वाचकास क्रियापदावरून व ‘ऐसे’, ‘म्हणोन’, ‘हे विनंती’ यांसारख्या ठरावीक शब्दांवरून कळे. म्हणजे वाक्याची सीमा चिन्हात नसून शब्दरचनेत होती. ही गोष्ट पुढील विवेचनात पुन्हा उपयोगी पडणार आहे.

याच व्यवहारात उभ्या रेघेला दोन निराळी कामे होती. पहिले काम संक्षेपाचे. नेहमीच्या शब्दाचे आद्याक्षर लिहून त्यापुढे उभ्या रेघा ओढल्या जात. देवनागरी लिप्यंतरात अशी रूपे ‘रा॥’, ‘ता॥’ या पद्धतीने छापलेली आढळतात. दुसरे काम अपूर्णांकाचे. आकड्यापुढील एक रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा आणि तीन म्हणजे पाऊण. ‘१२॥’ म्हणजे साडेबारा रुपये, अर्थात बारा रुपये आठ आणे. ‘३।’ म्हणजे सव्वातीन, अर्थात तीन रुपये चार आणे. हिशेबाच्या कागदांत दंड हा अशा रीतीने संख्येचाच भाग होता.

टिंबाचे आगमन

मराठी गद्यात विरामचिन्हांची पद्धतशीर मांडणी मेजर थॉमस कँडी यांनी केली. मोल्सवर्थ यांच्या १८३१ च्या मराठी-इंग्रजी कोशाच्या कामात त्यांचा सहभाग होता आणि १८४७ चा इंग्रजी-मराठी कोशही त्यांच्याच परिश्रमाने सिद्ध झाला. त्यांची ‘विरामचिन्हांची परिभाषा’ ही पुस्तिका १८५० साली प्रसिद्ध झाली. इंग्रजीतील स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह, पूर्णविराम ही चिन्हे या मार्गाने मराठी गद्यात स्थिर झाली. हिंदीने पूर्णविरामासाठी दंड राखला. मराठीने मात्र टिंब स्वीकारले.

या स्वीकाराबरोबर इंग्रजीतील टिंबाचे दुसरे कामही मराठीत आले. संक्षेपापुढील उभ्या रेघांची जागा छापील मराठीत हळूहळू टिंबाने घेतली. ‘रा॥’ चे ‘रा.’ झाले आणि ‘ता॥’ चे ‘ता.’ झाले. पुढे १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणेपद्धती सुरू झाली. आणे-पै मागे पडले, तेव्हा ‘१२॥’ च्या जागी ‘१२.५०’ लिहिले जाऊ लागले. दंडाचे अपूर्णांकाचे कामही याप्रमाणे टिंबाकडे गेले. आजच्या मराठीत एकच टिंब वाक्य संपविते, शब्द आखडते आणि रुपये-पैसे वेगळे करते. संगणकाची गल्लत होते ती या तीन कामांत.

इंग्रजीत या गोंधळावर एक सोपा उतारा आहे. टिंबानंतर लहान लिपीतील अक्षर आले, तर वाक्य संपलेले नाही असे मानता येते. युनिकोडच्या सर्वसाधारण वाक्यविभाजन-नियमांतही हा आधार घेतलेला आहे. देवनागरीत लहान-मोठी लिपी नसल्याने ‘ता.’ नंतरचे ‘चिपळूण’ आणि ‘आले.’ नंतरचे ‘चिपळूण’ यांत दृश्य फरक काहीच नाही. शिवाय त्या नियमांत दंड (U+0964) व दुहेरी दंड (U+0965) ही निःसंदिग्ध वाक्यसमाप्तीची चिन्हे मानलेली आहेत. आजच्या हिंदी गद्यास ते बरोबर लागू पडते. मराठी हिशेबी कागदास मात्र ते लागू पडत नाही.

एका परिच्छेदाचे विभाजन

जुन्या पत्रव्यवहाराच्या धर्तीवर नमुन्यादाखल रचलेला पुढील परिच्छेद पाहावा :

“रा. रा. अण्णासाहेब यांस सा. न. वि. वि. आपले पत्र पावले. मौजे सावर्डे, ता. चिपळूण, जि. रत्नागिरी येथील शेताच्या खंडाचे रु. १२॥ भरले. बाकी रु. ३। केव्हा भरावे? ‘पुढील महिन्यात भरा.’ असे कारकुनाने सांगितले. पावतीसाठी जा. क्र. ४१ पाहावा.”

या परिच्छेदात १७ टिंबे, १ प्रश्नचिन्ह, १ दंड आणि १ दुहेरी दंड अशी एकूण २० चिन्हे आहेत. प्रत्येक चिन्हापाशी तोडल्यास २० तुकडे होतील. खरी वाक्ये किती, हे चार टप्प्यांनी ठरविता येते.

पहिल्या टप्प्यात आकड्यांना चिकटलेली चिन्हे बाजूला काढावीत. आकड्याला लागून दंड आहे आणि आकड्याच्या आधी दंड नाही, तर तो अपूर्णांक होय. दोन्ही बाजूंस दंड असतील तर तो श्लोकाचा क्रमांक होय. ‘१२॥’ व ‘३।’ येथे वगळले जातात आणि १८ चिन्हे उरतात. दोन आकड्यांमधील टिंबही याच टप्प्यात सुरक्षित करावे.

दुसऱ्या टप्प्यात ज्यांच्यापुढे काहीतरी यावेच लागते अशा संक्षेपांची यादी लावावी. रा., ता., जि., रु., क्र., डॉ., प्रा., श्री. हे या वर्गातील होत. ‘सा. न. वि. वि.’ हे चार टिंबांचे सूत्र एकसंध मानावे. या टप्प्यात ११ टिंबे वगळली जातात आणि ७ चिन्हे उरतात.

तिसरा टप्पा नाजूक आहे. नावांची आद्याक्षरे असंख्य असल्याने ती यादीत मावत नाहीत. म्हणून ‘एका अक्षरानंतर टिंब असल्यास तो संक्षेप’ असा नियम केला जातो आणि ‘वि. का. राजवाडे’ यांसारखी नावे त्यामुळे अखंड राहतात. मात्र मराठीत जा, ये, घे, दे, हो, मी, ना हे एकाक्षरी शब्द वाक्याच्या शेवटी सहज येतात. ‘तू आता घरी जा.’ हे पूर्ण वाक्य आहे, तर ‘जा. क्र.’ म्हणजे जावक क्रमांक. ‘ना.’ म्हणजे नामदार, परंतु ‘तुम्ही येणार ना.’ यातील ‘ना’ नामदार नव्हे. अशा शब्दांची छोटी वेगळी यादी करून त्यांच्या पुढील शब्द पाहावा लागतो. प्रस्तुत परिच्छेदात ‘जा.’ नंतर ‘क्र.’ असल्याने ते वगळले जाते व ६ चिन्हे उरतात. येथे अक्षर म्हणजे उच्चारातील अक्षर, संगणकातील घटक नव्हे. ‘श्री’ हे एक अक्षर संगणकात श, हलन्त, र आणि वेलांटी अशा चार घटकांनी साठविले जाते. घटक मोजून नियम लावल्यास तो फसतो.

चौथ्या टप्प्यात अवतरणाचा विचार येतो. ‘भरा.’ नंतर अवतरण मिटते आणि ‘असे’ हा शब्द येतो. अवतरणानंतर असे, अशी, असा किंवा म्हणून आल्यास आतील पूर्णविराम अथवा प्रश्नचिन्ह हा बाहेरील वाक्याचा शेवट नसतो. हे चिन्ह वगळल्यावर पाच चिन्हे उरतात आणि परिच्छेद पाच वाक्यांत विभागला जातो. पावले, भरले, भरावे, सांगितले, पाहावा अशा क्रियापदांनी ती पाचही वाक्ये संपतात. मोडी वाचणाऱ्याचा जुना आधार येथे पडताळ्यास उपयोगी पडतो, कारण सर्वसाधारण मराठी वाक्य क्रियापदावर संपते.

मर्यादा आणि पडताळणी

काही स्थळे नियमाने सुटत नाहीत. ‘वि. वि.’ मधील शेवटचे टिंब संक्षेपाचे आहे, पण मायन्याचाही शेवट तेथेच आहे, असे कोणी म्हणू शकेल. ‘विनंती विशेष’ हे पुढील मजकुराचे प्रास्ताविक असल्याने येथे तो मायना पहिल्या वाक्यात धरला आहे. ‘इ.’ या संक्षेपाचीही अशीच स्थिती आहे. ‘नाणी, सनदा इ. साधने उपलब्ध आहेत.’ येथे वाक्य चालू राहते. ‘साधने पुढीलप्रमाणे : नाणी, ताम्रपट, सनदा इ. त्यांचा क्रम कालानुसार लावला आहे.’ येथे मात्र ते ‘इ.’ पाशी संपते आणि क्रियापदाचा आधारही मिळत नाही. अशी स्थळे वेगळी काढून अभ्यासकाने स्वतः पाहणे आवश्यक आहे.

चुका दोन प्रकारच्या होतात. अनावश्यक तोड लगेच दिसते, कारण एकदोन शब्दांचे, क्रियापदरहित तुकडे निघतात. राहून गेलेली तोड मात्र लपून राहते. ‘तू घरी जा. क्रमाने सर्व कळेल.’ ही दोन वाक्ये एकत्र राहिली, तरी तुकडा सुसंगतच भासतो. यासाठी सर्वांत लांब तुकडे व पोटात क्रियापदानंतर टिंब असलेले तुकडे वेगळे तपासावेत.

सर्वांत गंभीर चूक वाक्याची नसून आकड्याची असते. विभाजन सोपे व्हावे म्हणून सर्व दंड आधीच टिंबात बदलले, तर ‘रु. १२॥ भरले’ याचे ‘रु. १२. भरले’ होते. नोंदीतील आठ आणे नाहीसे होतात आणि ते नाहीसे झाल्याची खूणही उरत नाही. एका गावच्या खंडाच्या शेकडो नोंदींत असे घडल्यास बेरीज चुकते व त्यावर आधारलेला निष्कर्षही चुकतो. म्हणून मूळ चिन्हे जशीच्या तशी राखून सीमेची खूण स्वतंत्रपणे नोंदवावी.

निष्कर्ष

छापील मराठी गद्यात वाक्यसमाप्तीसाठी दंड स्थिरावला नाही. दंडाकडे पद्य, संक्षेप व अपूर्णांक ही कामे होती. १८५० नंतर टिंबाने वाक्याचा शेवट आणि संक्षेप, तर १९५७ नंतर रुपये-पैशांचे कामही आपल्याकडे घेतले. त्यामुळे चिन्ह पाहून तोडण्याचा नियम मराठीस पुरत नाही. चिन्हाच्या आधीचा शब्द, नंतरचा शब्द आणि कागदाचा काळ या तिन्हींचा विचार करावा लागतो. १९५७ पूर्वीच्या हिशेबी कागदास आणि आजच्या छापील परिच्छेदास एकच नियमावली लावता येत नाही. म्हणून विभाजनास आरंभ करण्यापूर्वी प्रत्येक कागदाचा काळ व प्रकार नोंदविणे अगत्याचे आहे.