धिरड्याचा तवा : आच, पहिले धिरडे आणि जाळी

धिरडे म्हणजे पातळ पिठाचा, तव्यावर भाजलेला मऊ पोळा. हळदीच्या बाजारपेठेसाठी ओळखल्या जाणाऱ्या हिंगोली जिल्ह्यात, तसेच उर्वरित मराठवाड्यातही, ते ज्वारीच्या पिठाचे केले जाते. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसल्याने हे धिरडे उलटताना मोडण्याचा संभव असतो. म्हणून दोन वाट्या ज्वारीच्या पिठात अर्धी वाटी बेसन घालावे. मीठ, तिखट, हळद, जिरे आणि कोथिंबीर घालून सुमारे अडीच वाट्या पाण्यात पीठ कालवावे व वीस मिनिटे झाकून ठेवावे. या अवधीत पीठ पाणी शोषते. मिश्रण घट्ट वाटल्यास थोडे पाणी वाढवावे. ते पळीतून सलग धारेने पडावे.

बिडाचा तवा मध्यम आचेवर पाच मिनिटे तापू द्यावा. त्यावर पाण्याचे थेंब शिंपडावेत. थेंब नुसते बसून राहिले, तर तवा थंड आहे. चुरचुरून लगेच आटले, तर तो तयार आहे. थेंब गोळ्यांप्रमाणे पळू लागले, तर तो फाजील तापला आहे. अशा वेळी आच कमी करून थोडा वेळ थांबावे. मग अर्धा कांदा तेलात बुडवून तव्यावर फिरवावा.

पहिले धिरडे लहानच घालावे, कारण ती परीक्षा असते. पीठ पळीला चिकटून गोळा होऊ लागले, तर तवा जास्त तापलेला आहे. पीठ पसरले, पण जाळी पडली नाही आणि धिरडे तव्याला धरून बसले, तर आच कमी आहे. जाळी पडली, तरी उलटताना तुकडे झाले, तर दोष पिठाचा. अशा वेळी दोन चमचे बेसन वाढवावे.

या धिरड्यात सोडा नसतो. तव्याच्या उष्णतेने पिठातील पाण्याची वाफ होते आणि ती वर येताना बुडबुडे उठतात. आरंभीचे बुडबुडे फुटल्यावर ओले पीठ ती जागा पुन्हा भरून काढते. तेव्हा उलथने लावू नये. बुडबुडा फुटूनही छिद्र उघडेच राहिले, म्हणजे भोवतालचे पीठ शिजून घट्ट झाले. मध्यभागीही अशी छिद्रे दिसली, पृष्ठभागाची ओली चकाकी गेली आणि कडा आपोआप सुटल्या, की उलटावे. दुसरी बाजू त्याहून कमी वेळात होते.

मिश्रण दाट असल्यास किंवा त्यात मेथीसारखी भाजी भरपूर असल्यास जाळी नीट उमटत नाही. तेव्हा झाकण ठेवून वाफ आणावी आणि चकाकी व कडा यांवरूनच निर्णय घ्यावा. गुळाच्या गोड धिरड्यास मात्र आच मंद ठेवावी, कारण वर जाळी पडण्यापूर्वीच खालचा गूळ करपू शकतो.