पर्सनल प्लॅनवर कॅफेत गाणी का लावता येत नाहीत? मग दुकानं आणि कॅफे काय वापरतात?

म्युझिक ॲपचा प्लॅन घेतला आणि फोन ब्लूटूथ स्पीकरला जोडला, की गाणं घरात आणि दुकानात अगदी सारखंच वाजतं. ॲप कुठलाही एरर दाखवत नाही. त्यामुळे "महिन्याचे पैसे भरतोय ना, मग अडचण काय?" असं वाटणं साहजिक आहे. अडचण अशी की तुमचा फोन घरात आहे की कॅफेच्या काउंटरवर, हे ॲपला कळत नाही. कायद्यासाठी मात्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुम्ही पैसे त्यातल्या एकीचेच भरलेले असतात.

प्लॅनमध्ये नेमकं काय विकत मिळतं?

साइन-अप करताना आपण न वाचता ज्या अटी मान्य करतो, त्यात स्पॉटिफाय, ॲपल म्युझिक आणि यूट्यूब हे तिघंही एकच गोष्ट सांगतात: ही सेवा वैयक्तिक आणि गैरव्यावसायिक वापरासाठी आहे. यूट्यूबच्या अटींमध्ये तर लोकांसमोर गाणी स्ट्रीम करू नका, असं उदाहरणच दिलं आहे. फ्री प्लॅन असो, प्रीमियम असो किंवा फॅमिली, हा नियम बदलत नाही. महागडा प्लॅन घेतला तर जाहिराती जातात, ऑडिओ क्वालिटी वाढते, पण दुकानात वाजवण्याचा हक्क मिळत नाही.

कारण तो हक्क ॲपकडेच नसतो. म्युझिक कंपन्यांनी ॲपला गाणी दिलेली असतात ती एकेका श्रोत्यापर्यंत पोहोचवण्यासाठी. लोकांसाठी गाणं वाजवण्याचा हक्क कंपन्यांनी वेगळा ठेवलेला असतो आणि त्याची किंमतही त्या वेगळी घेतात. जे आपल्याकडे नाही, ते ॲप तुम्हाला विकणार कसं?

भारताच्या कॉपीराइट कायद्यात (1957) या हक्काला "कम्युनिकेशन टू द पब्लिक" म्हणतात. कलम 2(ff) मधली त्याची व्याख्या नीट वाचण्यासारखी आहे. गाणं लोकांना ऐकता येईल अशी सोय केली, की ते त्यात मोडतं; प्रत्यक्षात कोणी ऐकलं की नाही, याने फरक पडत नाही. म्हणजे "तेव्हा कॅफे रिकामाच होता" हा बचाव चालत नाही. "गाण्याचे वेगळे पैसे घेत नाही" हाही फारसा उपयोगाचा नाही. कलम 52(1)(k) मध्ये रहिवाशांच्या सामाईक हॉलसाठी एक सवलत आहे, पण हॉटेल किंवा तत्सम व्यावसायिक जागा तिथून स्पष्टपणे वगळल्या आहेत.

एका गाण्याचे दोन हक्क

गाणं एक दिसलं तरी त्यात दोन वेगळे कॉपीराइट असतात. पहिला रेकॉर्डिंगचा, जो साधारणपणे म्युझिक लेबलकडे असतो. दुसरा त्यामागच्या शब्दांचा आणि चालीचा. 2012 च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकारांना अशा वापरातून रॉयल्टीचा वाटा मिळण्याची तरतूद कायद्यात आली.

म्हणून परवानग्याही वेगवेगळ्या दारांवर मिळतात. शब्द आणि चालीसाठी आयपीआरएस ही नोंदणीकृत कॉपीराइट सोसायटी आहे. रेकॉर्डिंगसाठी बऱ्याच लेबल्सचं काम पीपीएल पाहते, तर यशराजसारख्या काही लेबल्सचं काम नोव्हेक्सने पाहिलं आहे. कोणतं लेबल सध्या कोणाकडे आहे ते बदलत राहतं, त्यामुळे पैसे भरण्याआधी त्या संस्थेची लेबल्सची यादी बघावी लागते.

नोंदणीकृत सोसायटी नसताना पीपीएल किंवा नोव्हेक्स लायसन्स देऊ शकतात का, यावर कोर्टात वाद झाले आहेत. जानेवारी 2024 मध्ये मुंबई हायकोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. एप्रिल 2025 मध्ये दिल्ली हायकोर्टाच्या खंडपीठाने पीपीएलच्या प्रकरणात वेगळी भूमिका घेतली आणि वाद सुप्रीम कोर्टात गेला. पण हा वाद पैसे कोणी गोळा करायचे याचा आहे. परवानगी लागते की नाही, याचा नाही.

एक उदाहरण घेऊन पाहू

समजा, पुण्यात 20 सीटचा एक कॅफे आहे. मालकाच्या फोनवरच्या पर्सनल प्लॅनमधून हिंदी आणि मराठी सिनेमाची गाणी दिवसभर सुरू असतात. इथे दोन गोष्टी मोडल्या जातात: ॲपसोबतचा करार आणि गाण्याच्या मालकांचा कॉपीराइट.

करार मोडला म्हणून ॲप अकाउंट बंद करू शकतं. कॉपीराइटचं प्रकरण जास्त गंभीर असतं. लायसन्स देणाऱ्या संस्थेचा माणूस साध्या गिऱ्हाइकासारखा येऊन कोणती गाणी वाजतात ते रेकॉर्ड करून नेऊ शकतो, आणि नंतर वकिलाची नोटीस येते. जाणूनबुजून उल्लंघन केलं तर कलम 63 प्रमाणे 6 महिने ते 3 वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंडाची तरतूद आहे. नोटीस मिळूनही गाणी सुरू ठेवली, तर "माहीत नव्हतं" असं म्हणायची सोय उरत नाही.

आता मालकाने आयपीआरएस आणि पीपीएल, दोन्हींकडून लायसन्स घेतलं. मग तोच फोन, तोच प्लॅन चालेल का? बरेच जण इथेच फसतात. दाराला दोन कुलपं आहेत. लायसन्सने कॉपीराइटचं कुलूप उघडलं, पण ॲपच्या अटींचं कुलूप तसंच आहे. गाणी येतात कुठून, तो स्रोतही व्यवसायासाठी चालणारा हवा.

मग व्यवसाय काय वापरतात?

पहिला मार्ग म्हणजे व्यवसायांसाठीच बनवलेली सेवा. स्वीडनच्या साउंडट्रॅकचा जम बसावा म्हणून सुरुवातीला स्पॉटिफायनेही त्यात पैसे घातले होते. भारतात बेंगळुरूची रेडिओवाला कंपनी दुकानांसाठी इन-स्टोअर रेडिओ चालवते. अशा सेवांचा हिशोब माणसांवर नाही, तर जागेवर चालतो. साउंडट्रॅकमध्ये खालचा कॅफे आणि वरची गच्ची इथे वेगळी गाणी हवी असतील, तर ते दोन झोन धरले जातात. प्लेअर गाणी आधीच साठवून ठेवतो, त्यामुळे नेट गेलं तरी शांतता होत नाही. सकाळी हळू आणि संध्याकाळी जोरकस गाणी असं टाइमटेबल लावता येतं. कोणतं गाणं किती वेळा वाजलं याची नोंदही राहते, आणि त्यावरून रॉयल्टी योग्य कलाकाराकडे जायला मदत होते.

दुसरा मार्ग रॉयल्टी-फ्री लायब्ररीचा. ज्या कॅफेला ओळखीची गाणी नकोत, नुसतं मागे काहीतरी वाजत राहायला हवं, त्यांच्यासाठी हा सोपा आहे. फक्त लायसन्समध्ये "व्यवसायाच्या जागेत वाजवणे" असं स्पष्ट लिहिलेलं हवं. व्हिडिओत वापरायची परवानगी म्हणजे दुकानात वाजवायची परवानगी नव्हे. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या गाण्यावर NC असं लिहिलेलं असेल, तर ते व्यवसायासाठी नाही.

तिसरा मार्ग म्हणजे स्थानिक कलाकाराशी थेट करार. त्याची स्वतःची चाल, स्वतःचे शब्द आणि स्वतःचं रेकॉर्डिंग असेल, हक्क त्याने कोणत्याही लेबलला किंवा सोसायटीला दिलेले नसतील, तर त्याची लेखी परवानगी पुरते. पण त्याने जुन्या सिनेमागीताचं कव्हर गायलं असेल, तर मूळ चाल आणि शब्दांची परवानगी पुन्हा लागतेच.

कोणतीही सेवा घेण्याआधी कंपनीला एक प्रश्न ईमेलवर विचारा: "तुमच्या फीमध्ये रेकॉर्डिंग आणि शब्द-चाल, दोन्हींचा लोकांसमोर वाजवण्याचा हक्क येतो का, की ते लायसन्स मला वेगळं घ्यावं लागेल?" फीमध्ये नुसता प्लेअर आणि प्लेलिस्ट असेल, तर लायसन्सचा खर्च तुम्हाला वेगळा धरावा लागेल. उत्तर लेखी घ्या आणि लायसन्सच्या प्रतीसोबत दुकानातच ठेवा. तपासायला कोणी आलं, तर तीच दाखवायची.