पोलीस भरतीची तयारी: संध्याकाळची दुसरी धाव कशी वाढवावी?

यवतमाळ : पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत 50 पैकी 20 गुण मुलांना 1600 मीटर आणि मुलींना 800 मीटर धावण्याचे असतात. त्यासाठी अनेक पोरं सकाळची 5 किलोमीटरची धाव एकदम 8 किलोमीटरवर नेतात आणि दोन-तीन आठवड्यांत नडगी धरून बसतात. थकलेल्या पायाने शेवटचे किलोमीटर मारले की पाऊल जोरात आपटते, त्याचा मार हाडावर बसतो. त्यापेक्षा सकाळची धाव आहे तेवढीच ठेवून संध्याकाळी छोटी धाव जोडली, तर तेच अंतर ताज्या पायाने होते.

कोणी करावे?
किमान सहा महिने नियमित पळणाऱ्याने. नवीन मुलांना सकाळची एकच धाव पुरे.

कसे वाढवायचे?
समजा एक मुलगा सोमवार ते शनिवार रोज 5, म्हणजे आठवड्याला 30 किलोमीटर पळतो. मंगळवारी आणि शनिवारी तो वेगाची प्रॅक्टिस करतो. पहिले दोन आठवडे त्याने फक्त गुरुवारी संध्याकाळी 3 किलोमीटर पळावे, एकूण 33 होतात. पुढचे दोन आठवडे सोमवारही जोडावा, म्हणजे 36. पाचव्या आठवड्यात संध्याकाळची धाव पूर्ण बंद, परत 30. शरीराला सावरायला हा आठवडा लागतोच. सहाव्यापासून बुधवार जोडला की 39 होतात. वेगाच्या दिवशी संध्याकाळी पळू नये. रविवारी आराम.

संध्याकाळची धाव बोलता येईल इतकी हळू असावी. 3 किलोमीटरला 20 ते 22 मिनिटे लागली तरी चालते. इथे घड्याळाशी शर्यत लावली तर फायदा जातो. दोन धावांत आठ-दहा तासांचे अंतर ठेवावे. डांबरी रस्त्यापेक्षा शाळेचे मातीचे ग्राउंड बरे. एप्रिल-मे महिन्यात ऊन उतरल्यावर, सातनंतरच निघावे.

शेतीचे कामही मोजा
दिवसभर सोयाबीनची सोंगणी किंवा कापूस वेचणी केली असेल, तर त्या दिवशीची संध्याकाळची धाव सोडावी. फवारणी केलेल्या दिवशी तर पळूच नये. सुटलेली धाव दुसऱ्या दिवशी भरून काढू नये.

केव्हा थांबायचे?
दोन्ही पिंढऱ्या दुखतात आणि थोडे पळाल्यावर मोकळ्या होतात, ते साधे दुखणे. पण नडगीच्या हाडावर एकाच जागी बोट ठेवून दाखवता येईल असे दुखत असेल, चालताना किंवा रात्रीही ठणकत असेल, तर हाडाला बारीक चीर असू शकते. मग दोन्ही वेळची धाव बंद करून डॉक्टरांना दाखवावे. सुरुवातीला एक्स-रेमध्ये ही चीर दिसत नाही, त्यामुळे एक्स-रे चांगला आला तरी दुखत असेल तोवर पळू नये.

सकाळी अंथरुणातून उठण्याआधी मनगटाची नाडी एक मिनिट मोजावी. नेहमीपेक्षा सात-आठ ठोके जास्त दोन-तीन दिवस येत असतील, तर तो आठवडा संध्याकाळ बंद.

चाचणीला दोन आठवडे उरले की संध्याकाळची धाव थांबवावी. या धावेने दम वाढतो. वेग मात्र मंगळवार-शनिवारच्या प्रॅक्टिसनेच येतो, आणि त्यासाठी पाय ताजे लागतात.