अमावास्या, उल्कावर्षाव आणि संधिप्रकाश: धरणगावातून जेमिनिड्स बघण्याचा प्लॅन कसा करायचा?

उल्कावर्षाव बघायचा म्हटलं की आपण ॲपमध्ये तारीख बघतो, मित्रांना मेसेज टाकतो आणि गच्चीवर जाऊन बसतो. तासभर काहीच दिसत नाही. बहुतेक वेळा चूक आकाशाची नसते, वेळ निवडण्याची असते. चंद्र, उल्कावर्षाव आणि संधिप्रकाश या तिघांच्या वेळा जिथे जुळतात, तोच आपला स्लॉट. डिसेंबर २०२६ साठी धरणगावचा हिशोब करून बघू.

आधी उल्कावर्षाव निवडा

कागदावर २०२६ चा बेस्ट उल्कावर्षाव ऑगस्टमधला पर्सिड्स आहे. तो १२-१३ ऑगस्टच्या रात्री आहे आणि १२ तारखेलाच अमावास्या आहे. पण ऑगस्टमध्ये खान्देशात पावसाळी ढग असतात, त्यामुळे त्याच्यावर प्लॅन ठेवणं म्हणजे जुगारच. डिसेंबरमधल्या जेमिनिड्सच्या वेळी आकाश मोकळं असण्याची शक्यता बरीच जास्त.

कोणती रात्र?

जेमिनिड्सचा सर्वोच्च क्षण १४ डिसेंबरला साधारण 14:00 UTC ला आहे. UTC मध्ये साडेपाच तास मिळवले की भारतीय वेळ मिळते, म्हणजे संध्याकाळी साडेसात. इथेच गोंधळ होतो. ॲपमध्ये "१४ डिसेंबर" वाचून बरेच जण १३ च्या रात्री बारानंतर जागतात. आपल्याला हवी ती सोमवार १४ ची रात्र, म्हणजे मंगळवार १५ ची पहाट. मोबाईलमध्ये रिमाइंडर लावताना तो १५ तारखेच्या रात्री १ चा लावा.

चंद्र कधी मावळेल?

अमावास्या ९ डिसेंबरला सकाळी ६:२२ ला संपते. त्यानंतर चंद्र रोज साधारण ५० मिनिटं उशिरा मावळतो. १४ च्या संध्याकाळपर्यंत साडेपाच दिवस झालेले असतात, म्हणून तो सूर्यास्तानंतर सुमारे साडेचार तासांनी, रात्री साडेदहाच्या आसपास मावळेल. म्हणजे अमावास्येचीच रात्र हवी असं काही नाही. आपल्या वेळेत चंद्र क्षितिजाखाली असला की झालं.

संधिप्रकाशाच्या तीन पायऱ्या

सूर्य मावळला म्हणजे लगेच अंधार होत नाही. त्या रात्री धरणगावात साधारण या वेळा असतील:

- सूर्यास्त: ५:५०
- नागरी संधिप्रकाश संपतो (सूर्य क्षितिजाखाली ६ अंश): ६:१४
- सागरी संधिप्रकाश संपतो (१२ अंश): ६:४२
- खगोलीय संधिप्रकाश संपतो (१८ अंश): ७:०९

अंधुक तारे शेवटच्या टप्प्यानंतरच नीट दिसतात. पहाटे हाच क्रम उलटा होतो. ५:४० च्या सुमारास आकाश उजळायला लागतं, सूर्योदय मात्र सातच्या सुमारास होतो. त्यामुळे "सूर्योदयापर्यंत बघू" हा हिशोब सव्वा तासाने चुकतो.

मग स्लॉट कोणता?

चंद्र आणि संधिप्रकाश वजा केले की रात्री १०:३० ते पहाटे ५:४० एवढा वेळ उरतो. आता तिसरी अट. जेमिनिड्स मिथुन राशीतून, पुनर्वसूच्या कॅस्टर ताऱ्याजवळून येताना दिसतात. ही जागा संध्याकाळी सव्वासातच्या सुमारास ईशान्येला उगवते आणि रात्री सव्वादोनच्या आसपास जवळपास डोक्यावर येते. ती जितकी वर, तितक्या जास्त उल्का. म्हणून वेळ कमी असेल तर १२ ते ४ पकडा. मृगातल्या निळसर राजन्यापासून तांबूस काक्षीकडे रेघ ओढून पुढे नेली की मिथुन सापडते. नजर मात्र तिथेच खिळवू नका, कारण उल्का आकाशात कुठेही दिसतात.

जागेवर गेल्यावर

गावाच्या दिव्यांपासून लांब, उत्तरेला तापीच्या बाजूचं ओळखीतलं शेत बघा. मालकाला आधी सांगा. कठडा नसलेली विहीर कुठे आहे, ते उजेडातच बघून ठेवा.

डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला २० ते ३० मिनिटं लागतात आणि एकदा पांढरी स्क्रीन बघितली की ती सवय मोडते. म्हणून स्टेलॅरियमसारख्या ॲपचा लाल नाईट मोड लावा, टॉर्चवर लाल जिलेटिन कागद बांधा आणि मोबाईल खिशात ठेवा.

आकाश चांगलं आहे का, हे कृत्तिकेवरून ओळखा. साध्या डोळ्यांनी सहा तारे मोजता आले तर जागा बरी. नुसता धुरकट ठिपका दिसला तर धुकं, धूळ किंवा जवळचा दिवा आड येतोय. अशा वेळी जागा बदला.

तासाला १५० उल्का हा आकडा बातम्यांत येतो, पण तो पूर्ण काळ्या आकाशासाठी आणि उगम डोक्यावर असतानाचा आहे. त्याच्या निम्म्या दिसल्या तरी रात्र चांगली गेली म्हणा. दहा मिनिटं काहीच न दिसता लागोपाठ तीन दिसणं हेही नेहमीचंच, त्यामुळे निदान तासभर तरी पाठीवर पडून राहा.