‘मिच्छामि दुक्कडम्’चा नेमका अर्थ काय? जैन शेजाऱ्याला, मित्राला ते कधी आणि कसं म्हणावं?

गणपती बसतात त्याच सुमारास अनेकांच्या व्हॉट्सॲपवर हात जोडलेल्या चित्रांचे मेसेज येऊ लागतात. त्यावर लिहिलेलं असतं, ‘मिच्छामि दुक्कडम्’. पाठवणारा बहुतेक वेळा जैन शेजारी, ऑफिसातला सहकारी किंवा नेहमीचा दुकानदार असतो. उत्तरादाखल कुणी ‘थँक्यू’ लिहितं, कुणी ‘तुम्हालाही हार्दिक शुभेच्छा’ म्हणतं, तर कुणी नुसताच अंगठा दाखवून मोकळं होतं. शुभेच्छा म्हणणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, पण उत्तर चुकतं, कारण समोरच्याने सणाच्या शुभेच्छा दिलेल्याच नसतात.

हे शब्द प्राकृतातले आहेत आणि ते दोन नसून तीन आहेत : मिच्छा, मि, दुक्कडं. संस्कृतात सांगायचं तर ‘मिथ्या मे दुष्कृतम्’. मिच्छा म्हणजे मिथ्या, मि म्हणजे माझं आणि दुक्कडं म्हणजे दुष्कृत, वाईट कृत्य. ‘माझ्या हातून घडलेलं वाईट कृत्य मिथ्या ठरो, निष्फळ होवो’ हा त्याचा सरळ अर्थ. नृत्यचं नच्च आणि पुढे मराठीत नाच झालं, तशाच वाटेने मिथ्याचं मिच्छा झालं आहे. अनेकांना ‘मिच्छामि’मध्ये ‘इच्छामि’ ऐकू येतं आणि ‘दुक्कडम्’मध्ये ‘दुःख’. म्हणून ‘दुःखडम’ असंही लिहिलं जातं. या वाक्यात इच्छाही नाही आणि दुःखही नाही. लिहिताना शेवटी ‘म्’ असो वा अनुस्वार, दोन्ही चालतात. फक्त ‘ड’चा ‘ढ’ करू नये.

‘मला माफ करा’ असं भाषांतर सर्रास दिलं जातं. व्यवहारात ते चालून जातं, पण मूळ वाक्यात समोरच्याकडे काहीच मागितलेलं नाही. क्षमा मागण्या-देण्यासाठी प्राकृतात ‘खामेमि’ हे वेगळं क्रियापद आहे आणि संवत्सरीच्या विधीत त्याचाही उच्चार होतो. मिच्छामि दुक्कडम् बोलणारा मात्र फक्त स्वतःच्या कृत्याबद्दल बोलत असतो. ‘तूही चुकलास’ म्हणायला या वाक्यात जागाच नाही. मेसेज लिहिताना सगळ्यात जास्त उपयोगी पडते ती हीच गोष्ट.

श्वेतांबर जैनांचं पर्युषण आठ दिवसांचं असतं आणि त्याचा शेवटचा दिवस म्हणजे संवत्सरी. मूर्तिपूजक परंपरेत ती भाद्रपद शुद्ध चतुर्थीला, तर स्थानकवासी आणि तेरापंथी परंपरेत पंचमीला मानतात. त्यामुळे ती गणेश चतुर्थीच्या दिवशी किंवा एखादा दिवस मागेपुढे येते. २०२३ मध्ये १९ सप्टेंबरला गणेश चतुर्थी होती. नव्या संसद भवनात कामकाजाचा तो पहिला दिवस, आणि पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी लोकसभेतल्या भाषणात संवत्सरीचा उल्लेख करून खासदारांना ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हटलं होतं. जैन नसलेल्या माणसाने हे म्हणावं का, असा संकोच काहींना वाटतो, पण त्याचं कारण नाही. शब्द जैन आहेत, चूक कुणाचीही असू शकते.

वर्षातून एकदाच का, याचं उत्तर जैन कर्मविचारात आहे. राग किती तीव्र आहे हे तो किती काळ टिकतो यावरूनही मोजतात. पंधरा दिवसांत विरणारा राग सौम्य, चार महिने टिकणारा त्याहून कठीण आणि वर्षभर धरून ठेवलेला आणखी जड. वर्ष ओलांडूनही जो सुटत नाही तो जन्मभराच्या वैराच्या वर्गात जाऊ लागतो, आणि तो सर्वांत घातक मानला आहे. म्हणून पंधरवड्याचं, चातुर्मासाचं आणि वर्षाचं अशी वेगवेगळी प्रतिक्रमणं आहेत. प्रतिक्रमण म्हणजे झालेल्या चुका आठवून त्यांपासून मागे फिरण्याचा विधी. वर्षाचं प्रतिक्रमण संवत्सरीच्या संध्याकाळी होतं आणि ते बराच वेळ, सहसा तास-दोन तासांहूनही अधिक चालतं. त्यानंतर घरातली माणसं, शेजारी, नातेवाईक एकमेकांना मिच्छामि दुक्कडम् म्हणतात. थोरांनी धाकट्यांपुढे हात जोडणंही त्यात आलं. आपल्याकडे वडीलधाऱ्यांनी लहानांची माफी मागायची पद्धत फारशी नाही, त्यामुळे पहिल्यांदा पाहणाऱ्याला याचं नवल वाटतं.

हे शब्द नुसतेच बोलले गेले तर काय, हा प्रश्नही जुनाच आहे. त्यावर जैन परंपरेत कुंभाराची एक गोष्ट सांगतात. एक बालसाधू कुंभाराच्या ओल्या मडक्यांवर खडे मारून भोकं पाडत होता. कुंभाराने हटकलं की म्हणायचा, मिच्छामि दुक्कडम्. कुंभार वळला की पुन्हा खडा. शेवटी कुंभाराने त्याचा कान धरून पिळला आणि म्हणाला, मिच्छामि दुक्कडम्. साधू ओरडला, दुखतंय! कुंभार पुन्हा पिळून म्हणाला, मिच्छामि दुक्कडम्. आजही कुणी वरवरची माफी मागितली की जैन घरांत ‘हे कुंभाराचं मिच्छामि दुक्कडम्’ असं म्हणतात. एकाच वेळी तीनशे जणांना पाठवलेल्या फॉरवर्डबद्दल कुरकूर ऐकू येते ती यामुळेच. पाठवू नये असं नाही. ज्यांच्याशी काही बिनसलेलं नाही त्यांना तो चालतो. जिथे खरोखर काही घडलं आहे तिथे मात्र तो कुंभाराच्या गोष्टीत जाऊन बसतो.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, पुण्यातल्या एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर मराठी कुटुंब राहतं आणि खाली दुसऱ्या मजल्यावर मीनाबेन. वरच्या बाथरूमचं पाणी मीनाबेनच्या स्वयंपाकघराच्या छतातून गळू लागलं. वरच्यांनी दुरुस्ती दोन महिने लांबवली. मीनाबेननी सेक्रेटरीकडे तक्रार केली तेव्हा वरच्या बाईंनी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, ‘काही लोकांना सतत तक्रारीच करायच्या असतात.’ तेव्हापासून लिफ्टमध्ये भेटल्या तरी दोघी मोबाइलकडे बघतात. संवत्सरी आली. बाईंनी कमळाचं चित्र असलेला तयार मेसेज शोधला : जाणता-अजाणता आमच्याकडून आपलं मन दुखावलं असेल तर क्षमस्व.

यात भाषेची चूक नाही, पण अडचण आहे ती ‘असेल तर’मध्ये. मन दुखावलं होतं हे दोघींनाही माहीत आहे. ‘अजाणता’ही नाही, ग्रुपवरचं ते वाक्य जाणूनबुजूनच लिहिलेलं होतं. असा मेसेज वाचून मीनाबेनना वाटेल की बाईंना अजून आपलं काही चुकलं असं वाटतच नाही. त्यापेक्षा असं लिहिता येईल :

‘मीनाबेन, मिच्छामि दुक्कडम्. गळतीचं काम आम्ही दोन महिने लांबवलं आणि वर ग्रुपवर सगळ्यांसमोर तुम्हाला टोचून लिहिलं. दोन्ही आमचं चुकलं. प्लंबर शनिवारी येतोय. उद्या तुमचं पारणं झालं की भेटायला येऊ का?’

यात कृत्य नाव घेऊन सांगितलं आहे आणि ते थांबवण्याची तारीखही दिली आहे. ‘पण तुम्हीही थेट सेक्रेटरीकडे गेलात’ हे त्यात नाही, आणि ते शेवटी जोडायचा मोह आवरायला हवा. टोमणा ग्रुपवर मारला होता, त्यामुळे दोन ओळी ग्रुपवरही लिहायला हव्यात. चारचौघांत अपमान करून माफी मात्र खासगीत मागितली, तर ती अर्धीच राहते. आणि गळती? ती शब्दांनी मिटत नाही. छताच्या रंगाचा खर्च द्यायचा असेल तर तो मिच्छामि दुक्कडम् नंतरही द्यायचाच असतो.

पारण्याचा उल्लेख मुद्दाम केला आहे. संवत्सरीला अनेक जैन कडक उपवास करतात. काहींची आठ दिवसांची अठ्ठाई, म्हणजे सलग आठ उपवास, चालू असते. उपवास दुसऱ्या दिवशी सकाळी सुटतो, ते पारणं. त्यामुळे चतुर्थीच्या दुपारी मोदकांचं ताट घेऊन त्यांच्या दारात उभं राहिलं तर त्यांची पंचाईत होते. दुसऱ्या दिवशी, तेही सूर्यास्ताच्या आत न्यावं, कारण रात्री न जेवणारे पुष्कळ असतात. घरात कुणाची तपश्चर्या झाली असेल तर ‘अभिनंदन’पेक्षा ‘अनुमोदना’ हा शब्द त्यांच्या ओळखीचा आहे, आणि तब्येत विचारताना ‘शाता आहे ना?’ असं विचारलं तर आपुलकी पोचते.

कोल्हापूर, सांगली, इचलकरंजीकडच्या मित्राच्या बाबतीत मात्र आधी एक गोष्ट बघायला हवी. तिथे मराठी मातृभाषा असलेले दिगंबर जैन मोठ्या संख्येने आहेत आणि त्यांचं पर्व वेगळं आहे. भाद्रपद शुद्ध पंचमीला त्यांचं दशलक्षण पर्व सुरू होतं, अनंत चतुर्दशीपर्यंत चालतं आणि त्यानंतर भाद्रपद वद्य प्रतिपदेला क्षमावाणी असते. गणेश चतुर्थीला त्यांना क्षमापनेचा मेसेज गेला तर तो त्यांचं पर्व सुरू होण्याआधीच पोचतो. मिच्छामि दुक्कडम् हे शब्द दिगंबर प्रतिक्रमणातही आहेत, त्यामुळे कुणी रागावणार नाही. तरी एकमेकांना म्हणताना तिथे ‘उत्तम क्षमा’ हे शब्द रूढ आहेत. राजस्थानी मूळ असलेल्या स्थानकवासी आणि तेरापंथी घरांत ‘खमत-खामणा’ ऐकू येतं. आडनावावरून पंथ ओळखायला जाऊ नये, अंदाज चुकतो. ‘तुमचं पर्व आठ दिवसांचं की दहा?’ एवढं विचारलं तरी कळतं.

कुणी आपल्याला मिच्छामि दुक्कडम् म्हटलं तर तेच शब्द परत म्हणणं हे सर्वांत सोपं आणि बरोबर उत्तर. ‘आमच्याकडूनही मिच्छामि दुक्कडम्’ एवढं पुरतं. ‘अहो, तुम्ही कसली माफी मागता!’ हे आपल्याकडचं नम्र उत्तर इथे थोडं आखूड पडतं. समोरच्याने आपला हिशोब मांडलेला असतो आणि तो न बघताच आपण पाटी पुसतो. बॉसला उशीर झाल्यावर किंवा मीमखाली गंमत म्हणून हे शब्द वापरले जातात. त्यात गुन्हा नाही, पण प्रतिक्रमणाहून नुकत्याच परतलेल्या माणसाला त्याचं हसू येईलच असं नाही.

दिवस उलटून गेला तरी काही बिघडत नाही. क्षमापनेच्या गाठीभेटी पुढेही चालूच असतात, आणि पूर्वी तर पत्रं पोचायलाच कितीतरी दिवस लागत. १६१० मध्ये आग्र्याच्या जैन संघाने विजयसेन सूरींना पाठवलेलं, शालिवाहन या चित्रकाराने रंगवलेलं लांबलचक विज्ञप्तिपत्र प्रसिद्ध आहे. अशा पत्रांतून साधूंना आपल्या गावी येण्याची विनंती करत आणि क्षमाही मागत. उशीर झाला असेल तर ‘काल राहून गेलं’ असं लिहून पाठवावं, किंवा जिना उतरून दारावरची बेल वाजवावी.