बहुपदींचा मसावि आणि त्याचे दोन गुणक

दोन बहुपदींचा मसावि, म्हणजे महत्तम सामाईक विभाजक, शाळेत अवयव पाडून काढला जातो. दोन्हींचे अवयव लिहायचे, सामाईक असतील ते उचलायचे आणि त्यांचा गुणाकार करायचा. बहुपदीची कोटी तीन-चारच्या पुढे गेली की हा मार्ग बहुधा खुंटतो, कारण अवयवच सापडत नाहीत. युक्लिडच्या भागाकार-पद्धतीला अवयवांची गरज लागत नाही. मोठ्या बहुपदीला लहानीने भाग द्यावा; मग भाजकाला बाकीने, त्या बाकीला पुढच्या बाकीने भाग देत जावे. शून्य बाकी येण्यापूर्वीची शेवटची बाकी हाच मसावि. प्रत्येक पायरीला बाकीची कोटी किमान एकाने उतरते, म्हणून ही क्रिया कुठेतरी थांबणारच.

विस्तारित भागाकार-पद्धत याच क्रियेला एक हिशेब जोडते. प्रत्येक बाकी मूळच्या दोन बहुपदींपासून कशी बनली, हे ती लिहून ठेवते. मूळ बहुपदी f आणि g असतील, तर शेवटी मसावि d तर मिळतोच, शिवाय s आणि t असे दोन गुणकही मिळतात आणि s·f + t·g = d हे समीकरण हाती येते. हे गुणक स्वतः बहुपदीच असतात. प्रत्यक्ष कामात मसाविपेक्षा त्यांचेच मोल अधिक असते. अनेकदा मसावि १ आहे हे आधीच ठाऊक असते आणि सारा खटाटोप गुणकांसाठीच चालतो.

पूर्णांकांपुरती ही कल्पना आपल्याकडे जुनी आहे. इ. स. ४९९ च्या सुमारास रचलेल्या ‘आर्यभटीया’तील कुट्टक ही तीच रीत होय, भास्कराचार्यांनी ‘लीलावती’ आणि ‘बीजगणित’ या दोन्हींत कुट्टकाला स्वतंत्र जागा दिली आहे. बहुपदींचा मसावि भागाकाराने काढण्याची रीत सायमन स्टेव्हिनने १५८५ मध्ये मांडली. वरील समीकरणाला एत्येन बेझू या फ्रेंच गणितज्ञाचे नाव मिळाले आहे. बहुपदींच्या बाबतीत ते योग्यच. पूर्णांकांच्या बाबतीत मात्र बाशेने ते १६२४ मध्येच दिले होते.

आता एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवू.

```
f = x⁴ − x³ + 2x − 2
g = x³ − x² + x − 1
```

हिशेबासाठी तीन स्तंभ आखावेत : बाकी, f चा गुणक आणि g चा गुणक. पहिल्या ओळीत f लिहावा. तो f ची एक पट आणि g ची शून्य पट असल्याने गुणक १ आणि ०. दुसऱ्या ओळीत g, गुणक ० आणि १. पुढची प्रत्येक ओळ एकाच नियमाने मिळते : आदल्याच्या आदल्या ओळीतून आदल्या ओळीची ‘भागाकार’पट वजा करावी, आणि ही वजाबाकी तिन्ही स्तंभांत सारखीच करावी. पद्धतीचे सारे रहस्य या शेवटच्या अटीत आहे. कोणत्याही ओळीत ‘पहिला गुणक × f + दुसरा गुणक × g = बाकी’ हे खरे राहते, कारण दोन खऱ्या समीकरणांच्या पटींची वजाबाकीही खरीच असते.

f ला g ने भागले असता भागाकार x येतो आणि बाकी −x² + 3x − 2 उरते. या ओळीचे गुणक १ आणि −x. मग g ला या बाकीने भागावे. भागाकार −x − 2 येतो, बाकी 5x − 5. f चा नवा गुणक 0 − (−x − 2)·1, म्हणजे x + 2. g चा नवा गुणक 1 − (−x − 2)(−x), म्हणजे 1 − 2x − x². त्यापुढच्या भागाकारात बाकी शून्य उरते आणि क्रिया थांबते.

```
बाकी              f चा गुणक    g चा गुणक
f                 1            0
g                 0            1
−x² + 3x − 2      1            −x
5x − 5            x + 2        1 − 2x − x²
```

शेवटची ओळ सांगते की (x + 2)·f + (1 − 2x − x²)·g = 5x − 5. बहुपदींच्या जगात शून्येतर स्थिर संख्येने गुणले वा भागले तरी विभाजक तोच मानला जातो. म्हणून सर्वांत मोठ्या घाताचा सहगुणक १ करून मसावि लिहिण्याचा प्रघात आहे : येथे तो x − 1. विद्यार्थी मसाविला ५ ने भागतात आणि गुणकांना भागायचे विसरतात, ही या प्रकरणातली नेहमीची चूक. योग्य गुणक (x + 2)/5 आणि (1 − 2x − x²)/5 असे आहेत.

उत्तर पडताळण्याचे दोन सोपे मार्ग आहेत. पहिला, x ला एखादी किंमत द्यावी. x = 2 घेतल्यास f = 10 आणि g = 5; गुणक 4 आणि −7; बेरीज 40 − 35 = 5, आणि 5x − 5 ची किंमतही 5. एका किमतीने चूक निसटू शकते, दोन-तीन किमतींनी सहसा निसटत नाही. दुसरा मार्ग कोटीचा. f च्या गुणकाची कोटी g/d च्या कोटीपेक्षा लहान असली पाहिजे, आणि g च्या गुणकाची f/d च्या कोटीपेक्षा. आपल्या उदाहरणात या मर्यादा २ आणि ३ आहेत. गुणकांच्या कोटी १ आणि २. मसावि साधणाऱ्या गुणकांच्या जोड्या अगणित असतात, कारण s मध्ये g/d ची कोणतीही पट मिळवून t मधून f/d ची तीच पट वजा केली तरी समीकरण टिकते. पण कोटीची ही मर्यादा पाळणारी जोडी एकच, आणि एक बहुपदी दुसरीला निःशेष भागत नसेल, तर वरील रीत नेमकी तीच देते. मर्यादा ओलांडलेली दिसली, तर कुठेतरी चिन्ह चुकले आहे असे समजावे.

ही पद्धत अचूक सहगुणकांवरच चालते. समजा f मधील −2 ऐवजी मोजमापातून −2.001 आले. त्याच पायऱ्या केल्यावर दुसऱ्या बाकीच्या जागी 4.999x − 5.002 येते आणि त्यापुढे शून्याऐवजी सुमारे −0.0004 उरते. शून्येतर स्थिर संख्या ही शेवटची बाकी, म्हणजे मसावि १! सामाईक अवयव एका सहस्रांशाच्या फरकाने नाहीसा झाला. दशांश चिन्हाच्या आकड्यांवर काम करणाऱ्या संगणकालाही हाच धोका असतो, म्हणून तेथे अपूर्णांक जसेच्या तसे ठेवावे लागतात. त्याचाही एक जाच आहे, सहगुणक भराभर फुगतात. डोनाल्ड क्नुथ यांनी एक उदाहरण प्रसिद्ध केले, त्यात मूळ सहगुणकांपैकी सर्वांत मोठा अवघा २१ आहे. अपूर्णांक टाळण्यासाठी प्रत्येक पायरीला गुणत गेल्यास शेवटची बाकी तीसहून अधिक अंकी संख्या होते, आणि एवढे करून मसावि निघतो १.

यावर उपाय म्हणजे सारे सहगुणक एखाद्या मूळ संख्येने भागून त्यांच्या बाकीवरच काम करणे. ७ घेतली तर सहगुणक ० ते ६ यांबाहेर जात नाहीत. मात्र ही मूळ संख्या डोळे झाकून निवडता येत नाही. आपल्याच उदाहरणात ५ निवडली तर 5x − 5 ही बाकी तेथे शून्यच ठरते, आणि आदली बाकी −x² + 3x − 2 मसावि म्हणून पुढे येते. x − 2 हा अवयव दोन्ही बहुपदींत केवळ ५ च्या हिशेबात सामाईक होतो, एरवी नाही. अशी चूक नेहमी एकाच दिशेने होते. मूळ संख्येने सर्वांत मोठ्या घातांचे सहगुणक शून्य केले नाहीत, तर खोट्या मसाविची कोटी खऱ्यापेक्षा मोठीच निघते, लहान कधी नाही. म्हणून संगणक दोन-तीन मूळ संख्या वापरून पाहतो, सर्वांत लहान कोटीचे उत्तर ठेवतो आणि शेवटी मूळ बहुपदींना त्याने भागून खात्री करतो.

काही ठिकाणी सहगुणक जात्याच ० आणि १ असे दोनच असतात, आणि १ + १ = ० मानले जाते. तेथे फुगण्याचा प्रश्नच येत नाही, आणि वजाबाकी म्हणजेच बेरीज. एईएस या सांकेतिक लेखनपद्धतीचे एक अंग या अंकगणितावर उभे आहे. योआन डेमन आणि विन्सेंट रायमेन या बेल्जियन तज्ज्ञांनी ती रचली आणि २००१ मध्ये ती अमेरिकेचे प्रमाण ठरली. तिच्यात प्रत्येक आठ-अंकी बाइट ही एक बहुपदी समजली जाते, आणि बाइटची अदलाबदल करताना तिचा गुणाकार व्यस्त लागतो. तो x⁸ + x⁴ + x³ + x + 1 या ठरावीक बहुपदीच्या बाकीवर काढायचा असतो. 01010011 ही बाइट घेऊ, म्हणजे g = x⁶ + x⁴ + x + 1. व्यस्तासाठी g चा गुणक तेवढा हवा. दुसरा स्तंभ लिहिण्याची गरज नाही.

```
बाकी                   भागाकार      g चा गुणक
x⁸+x⁴+x³+x+1           –            0
x⁶+x⁴+x+1              –            1
x²                     x²+1         x²+1
x+1                    x⁴+x²        x⁶+x²+1
1                      x+1          x⁷+x⁶+x³+x
```

तीन भागाकारांत बाकी १ आली, आणि तिच्यासमोरचा गुणक हाच व्यस्त : x⁷ + x⁶ + x³ + x, म्हणजे 11001010 ही बाइट. ती मूळ बाइटशी गुणून त्या ठरावीक बहुपदीने भागल्यास बाकी १ उरते. ठरावीक बहुपदीचे अवयव पडत नाहीत, म्हणून शून्य सोडून उरलेल्या २५५ बाइटींपैकी प्रत्येकीशी तिचा मसावि १ येतो आणि प्रत्येकीला व्यस्त मिळतो. शून्याला व्यस्त नाही. तेथे शून्यच धरावे असे प्रमाणात सांगितले आहे. संगणक सहसा हा हिशेब दर वेळी करत बसत नाही, अदलाबदलीची २५६ घरांची सारणी आधीच भरलेली असते. तिच्यातील 01010011 च्या घरात मात्र 11001010 दिसणार नाही, कारण व्यस्त काढल्यावर त्याच्या अंकांवर आणखी एक ठरावीक मिश्रण केले जाते आणि तेथे 11101101 लिहिलेले असते.